पानशेतचा पूर: दोन रिळं आणि एक टेप
माहितीपटात जुनं फुटेज वापरताना शोधापासून हक्कांपर्यंत काय काय करायचं

१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचं पानशेतचं धरण, बांधकाम पुरतं व्हायच्या आधीच, फुटलं. त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं धरणही गेलं आणि त्याच दिवशी मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये घुसलं. या पुरावर पन्नास मिनिटांचा माहितीपट करायचा आहे, असं धरून हा लेख लिहितो आहे. जुन्या फुटेजबद्दल मोघम बोललं की सगळं सोपं वाटतं. एखादं विशिष्ट रीळ समोर ठेवलं की खऱ्या अडचणी दिसायला लागतात.

म्हणून तीन गोष्टी हाती लागल्या आहेत असं मानू. पहिली, १९६१ सालीच चित्रपटगृहांत दाखवलेला ३५ मिमीचा कृष्णधवल सरकारी वृत्तपट. दुसरी, नारायण पेठेतल्या एका कुटुंबाच्या कपाटात पडून असलेलं ८ मिमीचं रीळ. तिसरी, पुराला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८६ मध्ये, टीव्हीवर दाखवलेल्या पूरग्रस्तांच्या मुलाखतींची, यू-मॅटिक या जुन्या प्रकारातली व्हिडिओ टेप. या तिन्ही वस्तू उदाहरणापुरत्या कल्पिल्या आहेत. त्यांच्या निमित्तानं येणाऱ्या अडचणी मात्र असं काम करणाऱ्या प्रत्येकाला भेटतात.

शोध कुठून सुरू करायचा

सरकारी वृत्तपटांसाठी पहिलं नाव फिल्म्स डिव्हिजनचं. १९४८ साली ती सुरू झाली आणि पुढची कित्येक दशकं तिचे वृत्तपट देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य सिनेमाआधी दाखवले जात. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीमध्ये, विलीन झाल्या, त्यामुळे पत्रव्यवहार आता तिथे करावा लागतो. टीव्हीच्या साहित्यासाठी प्रसारभारतीचा संग्रह आहे. मात्र एक लक्षात ठेवा: मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यामुळे १९६१ च्या पुराचं दूरदर्शनचं मूळ चित्रण शोधत बसू नका. तिथे मिळेल ते नंतरच्या आठवणींचं, किंवा दुसऱ्या कुणाच्या फिल्मवरून उतरवलेलं.

संग्रहाला पत्र लिहिताना 'पानशेत पुराचं फुटेज हवं' एवढं लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. जुन्या नोंदवह्यांत आणि सूच्यांत विषय त्या काळच्या शब्दांत लिहिलेला असतो. 'पूना', 'पूना फ्लड्स', 'खडकवासला', 'मुठा', 'डॅम', 'रिलीफ' अशा वेगवेगळ्या शब्दांनी शोधायला सांगा आणि तारखांची चौकट द्या. जुलै ते डिसेंबर १९६१ अशी चौकट मी देईन, कारण पूर एका दिवसात येऊन गेला तरी मदतकार्य, मंत्र्यांचे दौरे आणि पूरग्रस्तांसाठी उभारलेली निस्सेन हट नावाची अर्धगोल घरं पुढच्या महिन्यांतल्या वृत्तपटांत सापडण्याची शक्यता असते.

घरगुती रिळांसाठी पेठांमधून फिरावं लागतं. जुने फोटो स्टुडिओ, गणेश मंडळांचे जुने कार्यकर्ते, पूरग्रस्तांच्या वसाहतींमधली वयस्कर माणसं यांच्याशी बोला. 'तुमच्याकडे फिल्म आहे का?' असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. 'तुमच्या घरात किंवा शेजारी तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता?' असं विचारलं की नाव निघतं.

यूट्यूबवर असलं काही सापडलं तर ते फक्त धागा म्हणून वापरा. ज्यानं ते चढवलं आहे तो बहुधा मालक नसतो, आणि ती प्रत कित्येक वेळा दाबलेली आणि कातरलेली असते. तिच्या एखाद्या कोपऱ्यात मूळ संस्थेचं चिन्ह किंवा वृत्तपटाचा क्रमांक दिसला तर तेवढी नोंद करा आणि मुळापर्यंत जा.

हे खरंच त्याच पुराचं आहे का

ही पायरी लोक वगळतात, आणि नंतर पुण्यातलाच एखादा प्रेक्षक उठून चूक दाखवतो. तपासायची सुरुवात चित्रापासून नव्हे, फिल्मच्या पट्टीपासून करा.

नारायण पेठेतलं रीळ हातात घ्या आणि छिद्रं बघा. जुन्या, साध्या ८ मिमी फिल्मची छिद्रं मोठी असतात आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर येतात. सुपर ८ ची छिद्रं लहान असतात आणि फ्रेमच्या मध्यासमोर येतात. सुपर ८ बाजारात आली १९६५ मध्ये. म्हणजे छिद्रं लहान निघाली तर घरचे कितीही खात्रीनं सांगोत, ते रीळ १९६१ च्या पुराचं असू शकत नाही. कोडॅकच्या फिल्मवर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हंही असतात. त्यांवरून ती फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली हे कळतं. पण ही चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा तीच येत असल्यामुळे एकट्या चिन्हावर निकाल देऊ नये.

मग चित्र. पाणी कुठल्या पुलावर आहे, काठावर कोणती देवळं आणि इमारती दिसतात, पाट्यांवर काय लिहिलं आहे, चित्रपटाचं पोस्टर दिसतं का, हे एकेक फ्रेम थांबवून पाहा. मुठा पावसाळ्यात अनेकदा फुगते, त्यामुळे नुसतं फुगलेलं पात्र हा पुरावा नव्हे. पडलेल्या घरांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं चित्रणही कृष्णधवल आहे आणि तिथेही दगडमातीची घरं ढासळलेली दिसतात. पुरात पडलेल्या घराच्या उभ्या राहिलेल्या भिंतींवर पाण्याची आडवी, सलग रेष असते आणि खाली गाळ असतो. भूकंपाच्या ढिगाऱ्यात ती रेष नसते.

वृत्तपटाच्या आवाजाबद्दलही हेच. त्या काळी घटनास्थळी बहुतेक चित्रण मुकं होत असे. निवेदन, संगीत आणि पाण्याचा खळखळाट नंतर स्टुडिओत चढवला जाई. त्या ध्वनीपट्टीवरचा आक्रोश पुण्यातल्या माणसांचा आहे असं समजून तो दुसऱ्या दृश्यावर लावू नका.

नोंदवही आणि कच्चं संकलन

संग्रहाकडून आधी कमी दर्जाची पाहणी-प्रत मिळते. तिच्यावर संस्थेचं नाव आणि प्रत्येक फ्रेमची वेळ सांगणारा टाइमकोड छापलेला असतो. हा टाइमकोड झाकू नका, कापू नका. संकलन पक्कं झाल्यावर नेमक्या कोणत्या फ्रेम विकत घ्यायच्या हे त्यावरूनच कळतं.

पहिल्या दिवसापासून एक साधी तक्ता-फाइल ठेवा. प्रत्येक तुकड्याला एक ओळ: संस्था, त्यांचा क्रमांक, रीळ, सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, आपल्या माहितीपटात तो कुठे येतो आणि किती सेकंद येतो, मूळ वेग, मूळ आकार, हक्कदार कोण, परवानगीची सद्यस्थिती. संकलकाला सांगून ठेवा की फाइलचं नाव बदलायचं नाही. 'पूर_छान_शॉट_२' असं नाव दिलेला तुकडा सहा महिन्यांनी कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ज्याचं मूळ सापडत नाही तो तुकडा शेवटच्या आठवड्यात काढून टाकावा लागतो.

रीळ स्कॅन करताना काय मागायचं

घरगुती रिळाचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजायला लागला आहे. अशी फिल्म आक्रसते, वाकते, ठिसूळ होते. ती जुन्या प्रोजेक्टरवर चढवायचा मोह टाळा. प्रोजेक्टरचे दात छिद्रांत नीट बसत नाहीत आणि कडा फाटत जातात. भिंतीवर पाडून मोबाइलनं टिपणं हाही मार्ग नव्हे, कारण त्यात प्रोजेक्टरची लुकलुक कायमची चित्रात बसते आणि कडेचं चित्र जातं. दात नसलेल्या, फक्त रोलरवर फिल्म चालवणाऱ्या स्कॅनरवरच ती न्या. ३५ मिमीचं १९५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं रीळ सापडलं, तर ते नायट्रेटचं असू शकतं. ते भडकन पेट घेतं, म्हणून घरी ठेवू नका, कुरियरनं पाठवू नका, थेट संग्रहालयाला कळवा.

स्कॅनिंग करणाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्या. पहिली, ८ आणि १६ मिमीसाठी २के, ३५ मिमीसाठी परवडलं तर ४के. दुसरी, रंग-उजेड न सुधारता सपाट स्कॅन, १० बिटमध्ये, प्रोरेस ४२२ एचक्यू या फाइलप्रकारात किंवा त्याहून वरच्या दर्जात. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, स्कॅनमध्ये फ्रेमच्या चारही कडा आणि छिद्रंसुद्धा दिसली पाहिजेत. याचं कारण पुढे चित्र स्थिर करताना येईल.

आता वेग. साधी ८ मिमी सहसा सेकंदाला १६ फ्रेमनं चित्रित होत असे. पन्नास फुटांच्या रिळात, फुटाला ८० प्रमाणे, ४००० फ्रेम असतात. म्हणजे खऱ्या वेगानं ते रीळ ४ मिनिटं १० सेकंद चालायला हवं. स्कॅनरकडून आलेली फाइल मात्र २ मिनिटं ४० सेकंदांची असेल, कारण त्यानं प्रत्येक फ्रेम ठेवून फाइलला सेकंदाला २५ असा वेग लावलेला असतो. ही चूक नव्हे, उलट हेच बरोबर आहे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तुकड्याचा वेग ६४ टक्के करा, म्हणजे १६ भागिले २५. वेग कमी करताना फ्रेम एकमेकींत मिसळणारा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर चालणाऱ्या माणसामागे भुताटकीसारखी दुसरी आकृती दिसते. नुसत्या फ्रेम पुन्हा दाखवल्या तर हालचाल किंचित अडखळते, पण ती फिल्मची अडखळ वाटते, आणि ती मला चालते. कॅमेरा चावीचा असेल तर वेग थोडा कमीजास्तही असू शकतो. अशा वेळी चालणाऱ्या माणसाकडे पाहून ६० ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान ठरवा.

वृत्तपटाचा प्रश्न याच्या नेमका उलट. तो सेकंदाला २४ फ्रेमचा. पण पूर्वी तो टीव्हीसाठी टेपवर उतरवला असेल तर २५ च्या वेगानं उतरवलेला असतो, म्हणजे चार टक्के जलद, आणि निवेदकाचा आवाज किंचित चढा. नवीन स्कॅन मिळत नसेल आणि ती जुनी टेपच वापरायची असेल, तर आवाजाचा सूर खाली आणायला विसरू नका.

टेप आणि कंगव्याचे दात

१९८६ ची टेप ही फिल्म नव्हे, व्हिडिओ आहे. पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं बनतं: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. ही दोन अर्धी चित्रं सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरानं टिपलेली असल्यामुळे, मुलाखतीत बोलणाऱ्या आजींनी हात हलवला की संगणकाच्या पडद्यावर हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ते काढावे लागतात.

पण फिल्मवरून टेपवर उतरवलेल्या चित्राला ही क्रिया करायची नसते. तिथे दोन्ही अर्धी चित्रं एकाच फ्रेमची असतात. विनाकारण क्रिया केली तर बारकावे फुकट जातात. म्हणून आधी संगणकावरच्या ffmpeg या साधनाला ही आज्ञा देऊन तपासा:

```
ffmpeg -i tape.mov -vf idet -frames:v 500 -an -f null -
```

शेवटी येणाऱ्या ओळीत `TFF`, `BFF` आणि `Progressive` यांपुढे आकडे दिसतात. `Progressive` मोठा असेल तर हात लावू नका. `TFF` मोठा असेल तर वरची ओळ आधी आहे आणि पुढची आज्ञा लागू होते:

```
ffmpeg -i tape.mov -vf "bwdif=mode=send_frame:parity=tff:deint=all" -c:v prores_ks -profile:v 3 -c:a copy tape_p.mov
```

`BFF` मोठा असेल तर `parity=bff` लिहा. क्रम चुकला की लगेच कळतं: हालचाल पुढे-मागे, पुढे-मागे थरथरते. चाचणी घेताना स्थिर बसलेल्या माणसाची पाचशे फ्रेम घेऊ नका, हालचाल असलेला भाग निवडा, नाहीतर आकडे फसवतात.

टेप चालवताना चिरका आवाज आला किंवा यंत्राच्या डोक्यावर तपकिरी चिकट थर बसला, तर त्याच क्षणी थांबवा. चुंबकीय थर सुटत आहे. टेपवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडेच ती न्या. पुन्हा एकदा चालवून बघू म्हणताना आजींचा आवाज कायमचा जातो.

आकार जुळवणं

आपला माहितीपट १९२० बाय १०८० चा, म्हणजे १६:९. वृत्तपटाच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण १.३७, ८ मिमी आणि टेपचं १.३३. तिन्ही आपल्या चौकटीपेक्षा उभट.

आधी मिळालेली फाइलच ताणलेली नाही ना, हे बघा. चित्रात गोल वस्तू शोधा. १९६१ च्या पुण्यात त्यांची कमतरता नाही: टांग्याचं चाक, सायकलचं चाक, घड्याळ. कॅमेऱ्याला बरोबर समोरून दिसणारं चाक निवडून उंची आणि रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. उंची १०० आणि रुंदी १३३ आली तर कुणीतरी ४:३ चं चित्र ओढून १६:९ केलं आहे. रुंदी ९४ च्या आसपास आली तर पालचं ७२० बाय ५७६ चं चित्र चौकोनी पिक्सेल समजून उघडलं गेलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलचा प्रकार 'पाल ४:३' असा बदलला की चाक गोल होतं.

मग निर्णय. चित्र पूर्ण ठेवून दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडायचे, की चौकट भरेपर्यंत मोठं करून वरचं-खालचं कापायचं? वृत्तपटाचा हिशोब करून पाहू. रुंदी १९२० केली तर उंची १४०१ होते आणि दिसतात १०८०, म्हणजे जवळजवळ २३ टक्के चित्र जातं. ८ मिमीच्या बाबतीत बरोबर पाव चित्र जातं. पुराच्या दृश्यात वर वाड्याच्या गच्चीवर उभी माणसं असतात आणि खाली चढणारं पाणी. दोन्ही एका चौकटीत आहेत म्हणून तर ते दृश्य बोलतं. कापून आपण एक तर माणसं घालवतो नाहीतर पाणी. म्हणून या माहितीपटात मी पट्टे ठेवेन. एखाद्या दृश्यात आकाश मोकळंच असेल तर तेवढं कापायला हरकत नाही, पण ते दृश्यागणिक ठरवा, एकदम सगळ्यांना एकच नियम लावू नका. बाजूच्या जागेत त्याच चित्राची धूसर, मोठी केलेली प्रत भरायची पद्धत बातम्यांमध्ये आहे. माहितीपटात ती टाळा. पुरातलं पाणी मधे हलतं आणि कडेलाही हलतं, आणि डोळा कडेकडे ओढला जातो.

इथे एक बारीक गोष्ट राहते. १०८० उंचीला वृत्तपटाची रुंदी १४८० येते आणि ८ मिमीची १४४०. एकामागून एक लावले की काळ्या पट्ट्याची कड प्रत्येक कटला वीस पिक्सेल आतबाहेर उडते. प्रेक्षकाला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. वृत्तपटाच्या दोन्ही बाजूंनी वीस वीस पिक्सेल कापून सगळं जुनं फुटेज १४४० वर आणा आणि ही चौकट माहितीपटभर एकच ठेवा. टेपचं चित्र फक्त ५७६ ओळींचं असल्यामुळे १०८० ला मऊ दिसतं. त्याला कृत्रिम धार देत बसू नका, चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते. चॅनेलसाठी काम करत असाल तर कमी दर्जाचं चित्र किती चालतं याचा त्यांचा नियम आधीच लेखी मागवा.

दुरुस्ती: किती, आणि कुठे थांबायचं

मी या क्रमानं जातो: आधी स्थिरता, मग उजेडाची लुकलुक, मग धूळ आणि चरे, शेवटी काळं-पांढरं प्रमाण. चित्र हलत असताना धूळ शोधणारं सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून हा क्रम.

स्थिरतेत दोन थरथरी वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक कॅमेरामनच्या हाताची, दुसरी यंत्रात फिल्म डुलल्याची. हाताची थरथर हा त्या दिवसाचा भाग आहे. पाण्यात उभं राहून कुणीतरी कॅमेरा धरला होता. ती काढायची नाही. दुसरी काढायची. चित्रावरून स्थिर केलं तर सॉफ्टवेअर दोन्ही काढतं. स्कॅनमध्ये छिद्रं दिसत असतील तर छिद्राच्या कडेला धरून स्थिर करता येतं. त्यामुळे स्कॅनरमधलं डुलणं जातं आणि हात राहतो. छिद्रांसकट स्कॅन मागा असं म्हटलं ते यासाठी.

धुळीच्या ठिपक्याचा रंग त्याचा इतिहास सांगतो. पडद्यावर काळा ठिपका म्हणजे धूळ या प्रिंटवर बसलेली. स्कॅनआधी नीट साफ केली तर निघून जाईल. पांढरा ठिपका म्हणजे प्रिंट काढताना निगेटिव्हवर धूळ होती. तो प्रिंटमध्ये छापला गेला आहे, साफ करून जाणार नाही. पांढरे ठिपके फार असतील तर संग्रहाकडे निगेटिव्ह आहे का ते विचारा. पाठीच्या बाजूचे बारीक चरे ओल्या गेटच्या स्कॅनरवर, म्हणजे फिल्म द्रवात बुडवून स्कॅन केल्यावर, जवळजवळ नाहीसे होतात. इमल्शन, म्हणजे चित्र असलेला थर, खरवडलं असेल तर तिथलं चित्रच गेलेलं असतं.

आता पुराच्या चित्रणातला खास धोका. आपोआप धूळ काढणारं साधन, दाविंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीतलं `Automatic Dirt Removal` किंवा दुसरं कुठलंही, एकाच तत्त्वावर चालतं: जे एका फ्रेममध्ये आहे पण आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये नाही, ती धूळ. पावसाचा थेंब, पुलाच्या कठड्यावर आपटून उडालेलं पाणी, झपकन गेलेला पक्षी, हे सगळं त्या व्याख्येत बसतं. साधन पाऊस पुसून टाकतं आणि चित्र स्वच्छ दिसतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ आणि दुरुस्त तुकडा एकावर एक ठेवून मिश्रणाचा प्रकार `Difference` करा. जे काढलं गेलं तेवढंच काळ्यावर उजळून दिसेल. तिथे विखुरलेले ठिपके दिसले तर ठीक. पाण्याच्या तुषारांचा आकार दिसला तर साधनाची ताकद कमी करा, किंवा त्या तुकड्यातली धूळ `Dust Buster` नं हातानं, फ्रेमगणिक काढा. दहा सेकंदांच्या तुकड्याला अर्धा दिवस जाऊ शकतो. अंदाजपत्रकात तो धरा.

फिल्मचे दाणे मात्र ठेवा. ते पुसले की चेहरे मेणाचे होतात.

हक्क: तीन वस्तू, तीन उत्तरं

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं चालतो (कलम २६), आणि सरकारी कामाचंही तसंच (कलम २८). १९६१ साली दाखवलेल्या वृत्तपटाचा काळ १९६२ च्या सुरुवातीपासून मोजायचा, म्हणजे ३१ डिसेंबर २०२१ ला तो संपला. भारतात त्याच्या चित्राचा हक्क आता मोकळा आहे. त्याच संग्रहातून तुम्ही १९६७ च्या कोयना भूकंपाचा वृत्तपट घेतलात तर तो मात्र किमान २०२७ अखेरपर्यंत संरक्षित आहे.

मोकळा म्हणजे फुकट आणि बिनकराराचा नव्हे. रीळ संग्रहाच्या ताब्यात आहे, स्कॅनचा खर्च आहे, आणि संग्रह स्वतःच्या अटींवर प्रत देतो. त्या पाळाव्या लागतात. शिवाय वृत्तपटात वाजणारं संगीत हे वेगळं काम आहे. संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. त्यामुळे चित्र घ्या, आवाजाची पट्टी काढून टाका, किंवा तिची वेगळी परवानगी मिळवा. आणखी एक खाच परदेशाची. १ जानेवारी १९९६ रोजी भारतात संरक्षित असलेल्या जुन्या कामांना अमेरिकेत नव्यानं संरक्षण मिळालं, तेही प्रकाशनापासून ९५ वर्षांचं. म्हणजे हाच वृत्तपट तिथे २०५६ अखेरपर्यंत हक्काखाली धरला जाऊ शकतो. माहितीपट जगभर दाखवणाऱ्या मंचावर जाणार असेल, तर 'भारतात मोकळा आहे' एवढ्यावर भागत नाही. संग्रहाशी करार करताना जगभराचा उल्लेख करून घ्या.

घरगुती रिळाचं उत्तर अनेकांना धक्का देतं. साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, आणि हे रीळ कधी प्रकाशितच झालेलं नाही. त्यामुळे त्याचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. ते १९६१ चं आहे म्हणून मोकळं आहे असं समजू नका. शिवाय रीळ ज्याच्या कपाटात आहे तो हक्काचा मालक असेलच असं नाही. कायद्याच्या दृष्टीनं चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्यानं पुढाकार घेऊन ते केलं तो. आजोबांनी चित्रण केलं असेल तर हक्क त्यांच्या वारसांकडे येतो. मुंबईतल्या आत्या आणि अमेरिकेतले काका या सगळ्यांची सही लागते. शेजाऱ्यानं कॅमेरा आणून चित्रण केलं असेल तर त्याचे वारस शोधावे लागतात. कागदावर मराठीत, साध्या भाषेत लिहा: कोणतं रीळ, कुणी चित्रित केलं, वारस कोण, माहितीपटात वापराची परवानगी, मोबदला, श्रेयनामावलीत नाव कसं यावं.

१९८६ ची टेप प्रसारित झाली तेव्हाच प्रकाशित झाली, म्हणून तिचा हक्क २०४६ अखेरपर्यंत. वाहिनीकडून लेखी परवाना घ्या. मुलाखत देणाऱ्या आजी आता नसतील, तरी त्यांच्या घरच्यांना आधी दाखवा. कायदा ते मागत नाही, पण त्या बाईनं आपल्या बुडालेल्या घराबद्दल सांगितलेलं दुसऱ्या संदर्भात लावण्याआधी तिच्या मुलांनी ते पाहिलेलं असावं, असं मला वाटतं.

'शैक्षणिक हेतू आहे, चालतं' हा आधार धरू नका. कलम ५२ मधली सूट खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा ठरावीक कामांना आहे. पुराचं वर्णन करण्यासाठी पुराचं चित्र दाखवणं सहसा त्यात बसत नाही.

परवान्याच्या कागदात दोन रकाने कधीही रिकामे सोडू नका: मुदत आणि प्रदेश. कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; कलम ३०अ मुळे हे परवान्यांनाही लागू होतं. सहाव्या वर्षी माहितीपट एखाद्या मंचावर लागला की अडचण सुरू होते. पैसे कमी असतील तर आज महोत्सव आणि शिक्षणसंस्थांपुरता परवाना घ्या, पण टीव्ही आणि इंटरनेटसाठी नंतर किती रक्कम द्यावी लागेल तो आकडा आजच करारात लिहून घ्या. माहितीपट गाजल्यावर तोच आकडा विचारायला गेलात तर घासाघीस करायला तुमच्या हातात काही नसतं. दर सेकंदावर असेल तर प्रत्येक तुकड्याला किमान सेकंदांची अट आहे का तेही पाहा. दोन-दोन सेकंदांचे दहा तुकडे कधी कधी एका सलग मिनिटापेक्षा महाग पडतात, आणि हे संकलन पक्कं होण्याआधी कळलेलं बरं.

शेवटचे दोन दिवस

चित्र पक्कं झालं की नोंदवहीतल्या प्रत्येक ओळीपुढे अंतिम सेकंद भरा आणि त्याच टाइमकोडच्या मूळ दर्जाच्या फाइल मागवा. त्या बसवल्यावर प्रत्येक कट पाहणी-प्रतीशी फ्रेमला फ्रेम ताडून पाहा. पाहणी-प्रत २५ च्या वेगाची आणि मूळ २४ ची असेल तर तुकडा हळूहळू सरकलेला सापडतो, आणि तो नेमका माणूस पाण्यात पाय टाकतो त्याच जागी खुपतो. श्रेयनामावलीत संस्थेचं नाव करारात आहे तसंच, अक्षरशः, लिहा.

नारायण पेठेतलं रीळ नव्या, हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात ठेवून घरी परत द्या. सोबत पूर्ण स्कॅनची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी: कुणी चित्रित केलं, कधी, कुठून, फिल्म कोणती, स्कॅन कधी केलं. डबा माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या खोलीतलं खालचं कपाट बरं. कुटुंबाला रीळ सांभाळणं जमणार नसेल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाशी त्यांची गाठ घालून द्या.